हे उत्तर नक्की कोणाचं? आरसा-भिंगाच्या गणितातली चिन्हांची चूक पकडताना

प्रश्न: मी इंदूरला असतो. भाची दहावीत आहे, हिंदी माध्यम. गणित असं: अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू १० सेमीवर. माझ्या शाळेतल्या जुन्या पद्धतीनं v = -३० येतं, तिच्या पुस्तकात +३० आहे. विशालन मात्र दोन्हीकडे +३. मग तेच आकडे बहिर्गोल भिंगाला लावले तर मला -३० आलं आणि तिला ६. पुस्तकात -३० आहे. आता ती म्हणते, मामा, तुझं एकदा चुकतं आणि एकदा बरोबर येतं. मागचं उत्तर न बघता चिन्ह चुकलंय की नाही हे कळतं का?

उत्तर:

आरशाच्या गणितात तुमचं दोघांचंही बरोबर आहे, फक्त तुम्ही वेगवेगळ्या भाषेत बोलताय. तुम्ही शिकलात ती पद्धत 'वास्तव ते धन' अशी होती. वस्तू खरी म्हणून u धन. अंतर्गोल आरसा किरण खरोखरच एका बिंदूत आणतो म्हणून f धन. मग v ऋण आलं याचा अर्थ एवढाच की प्रतिमा आभासी आहे. ती कुठल्या बाजूला आहे हे त्या चिन्हात नाही, ते आपण वेगळं ओळखायचं.

भाचीच्या पुस्तकातल्या कार्टेशियन संकेतात चिन्ह म्हणजे दिशा. अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजायची. येणारा प्रकाश ज्या दिशेनं चाललाय ती धन, उलटी ती ऋण. वस्तू डावीकडे, म्हणून u = -१०. अंतर्गोल आरशाची नाभी त्याच्या समोर, म्हणजे तीही डावीकडे, म्हणून f = -१५. उत्तर v = +३०, म्हणजे आरशाच्या मागे ३० सेमी. तुमचं -३० आणि तिचं +३० हे एकाच जागेचे दोन पत्ते आहेत.

भिंगात v चं चिन्ह दोन्ही भाषांत जुळतं, कारण प्रकाश भिंगातून आरपार जातो आणि वास्तव प्रतिमा पलीकडे, म्हणजे धन बाजूलाच पडते. आरसा प्रकाश माघारी फिरवतो, त्यामुळे तिथे वास्तव प्रतिमा ऋण बाजूला जाते आणि दोन भाषांची चिन्हं उलटी होतात. तुमचं 'एकदा चुकतं, एकदा बरोबर येतं' ते यामुळे. आणि तिचं ६ आलं ते सरमिसळीमुळे: सूत्र नवं घेतलं, १/v - १/u = १/f, आणि त्यात u मात्र मामाचं, +१०. तिच्या वहीत तिची भाषा राहू द्या. तुमची पद्धत चुकीची नाही, पण एका गणितात दोन्ही आल्या की हेच होणार.

आता मुख्य प्रश्न. मी रामबागेत दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, आणि इतक्या वर्षांच्या वह्या तपासून माझं एक मत झालंय. चिन्ह चुकलं की उत्तर वेडंवाकडं येत नाही, म्हणून तर ही चूक सापडत नाही. उत्तर छान गुळगुळीत येतं, फक्त ते दुसऱ्याच कोणाचं तरी असतं. म्हणून मी मुलांना विचारतो, 'हे उत्तर कोणाचं आहे?'

तुमचेच आकडे घ्या, १० आणि १५. चार वस्तू समोर ठेवा: अंतर्गोल आरसा, बहिर्गोल आरसा, बहिर्गोल भिंग, अंतर्गोल भिंग. प्रत्येकाचं नाभीय अंतर १५, प्रत्येकासमोर वस्तू १० सेमीवर. चारही गणितं नीट सोडवली तर v चे आकडे दोनच येतात, ३० आणि ६. अंतर्गोल आरसा आणि बहिर्गोल भिंग यांना ३०, बहिर्गोल आरसा आणि अंतर्गोल भिंग यांना ६. असं का, हे सूत्रातच दिसतं. शेवटी १/१० आणि १/१५ यांची एक तर वजाबाकी होते, १/३०, किंवा बेरीज होते, १/६. वजाबाकी होते ती प्रकाश गोळा करणाऱ्यांसाठी, बेरीज होते ती पसरवणाऱ्यांसाठी. चिन्ह चुकलं की बेरजेच्या जागी वजाबाकी होते किंवा उलट, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या घरी जातं. भाचीला आलेले ६ सेमी आणि ०.६ विशालन हे आकडे अंतर्गोल भिंगाचे आहेत, तंतोतंत. तिनं बहिर्गोल भिंगाचं गणित मांडलं आणि अंतर्गोल भिंगाचं सोडवलं.

इथे नावांपासून सावध राहा. 'अंतर्गोल' हा शब्द आरशाला लागला तर तो गोळा करणारा, भिंगाला लागला तर पसरवणारं. तिच्या हिंदी पुस्तकातल्या अवतल आणि उत्तल या शब्दांचंही तेच. मुलं अंतर्गोल म्हणजे ऋण, बहिर्गोल म्हणजे धन असं पाठ करतात. कार्टेशियन संकेतात f चं चिन्ह त्यानं बरोबर येतंही, पण तेवढ्यावर ती अंतर्गोल आरसा आणि अंतर्गोल भिंग हे एकाच स्वभावाचे समजतात, आणि मग उत्तर शंकास्पद आहे हे त्यांना जाणवतच नाही. म्हणून वहीत गणिताच्या वर आधी एक शब्द लिहायला लावा: 'गोळा' किंवा 'पसर'. पुस्तकी शब्द हवे असतील तर अभिसारी आणि अपसारी, हिंदीतही तेच आहेत.

हा शब्द लिहिला की पहिली तपासणी चिन्हाकडे न बघताच होते. u आणि f यांच्या आकड्यांत जो लहान आहे तो घ्या. पसरवणाऱ्याच्या v चा आकडा त्याहूनही लहान यायला हवा. गोळा करणाऱ्याच्या v चा आकडा त्याहून मोठा यायला हवा. आपल्या उदाहरणात लहान आकडा १०. बहिर्गोल भिंग गोळा करणारं आणि उत्तर ६? संपलं, कुठे तरी चिन्ह चुकलंय. हा नियम कुठल्याही आकड्यांना चालतो, कारण पसरवणाऱ्यासाठी दोन व्यस्तांची बेरीज होते आणि बेरीज दोघांहून मोठी, म्हणून v दोघांहून लहान. गोळा करणाऱ्यासाठी वजाबाकी होते. ती दोन्ही व्यस्तांतल्या मोठ्याहून लहान असते, म्हणून v त्या लहान अंतराहून मोठा. वस्तू बरोबर नाभीवर असेल तर वजाबाकी शून्य, प्रतिमा अनंतावर. तो एक अपवाद.

ही तपासणी हाताशी करून बघायची असेल तर वाचायचं भिंग आणि वर्तमानपत्र पुरे. भिंग कागदाच्या जवळ धरा, अक्षरं मोठीच दिसतील. ०.६ म्हणजे अक्षरं लहान दिसायला हवीत, ते बहिर्गोल भिंग नाभीच्या आत धरून कधीच होत नाही. गाडीच्या बाजूच्या बहिर्गोल आरशात मात्र सगळं लहान आणि सुलटंच दिसतं. भाचीनं अंतर्गोल आरशाच्या गणितात f = +१५ टाकलं असतं तर v = +६ आणि m = +०.६ आलं असतं, म्हणजे दाढीच्या आरशाच्या गणितातून गाडीचा आरसा निघाला असता. गंमत अशी की त्या उत्तरात आतल्या आत काहीच विसंगत नाही. प्रतिमा मागे, आभासी, सुलटी, लहान, सगळं एकमेकांशी जुळतं. म्हणूनच नुसतं 'चिन्हं एकमेकांशी जुळतात का' एवढं बघून ही चूक कधीच सापडणार नाही. आकड्याची तपासणी आधी करायची ती यासाठी.

दुसरी तपासणी बाजूची. पसरवणाऱ्यासमोर खरी वस्तू असेल तर विचार करायचीही गरज नाही, प्रतिमा आभासी आणि सुलटीच. गोळा करणाऱ्यासाठी एकच प्रश्न: वस्तू नाभीच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर आभासी आणि सुलटी, बाहेर असेल तर वास्तव आणि उलटी. हे चिन्ह न टाकता, नुसते आकडे बघून कळतं. १० हा १५ पेक्षा लहान म्हणजे वस्तू आत. आता ते तिच्या भाषेत उतरवा. आरशात आभासी म्हणजे मागे, v धन. भिंगात आभासी म्हणजे वस्तूच्याच बाजूला, v ऋण. वास्तव असेल तर दोन्ही उलट.

तिसरी तपासणी विशालनाची. सुलटी प्रतिमा म्हणजे m धन, उलटी म्हणजे m ऋण, आरसा असो की भिंग. भाचीच्या पुस्तकात आवर्धन म्हणतात तेच हे. सूत्रं मात्र दोन आहेत, आरशाला m = -v/u आणि भिंगाला m = v/u, आणि मुलं यांचीच अदलाबदल करतात. पाठांतरावर विसंबू नका. खऱ्या वस्तूचा u नेहमी ऋण असतो, म्हणून आरशात v आणि m यांचं चिन्ह सारखं येतं, भिंगात विरुद्ध. आरशाच्या गणितात v = +३० आणि m = -३ दिसलं तर ती प्रतिमा आरशाच्या मागे आणि उलटी झाली; एका आरशानं खऱ्या वस्तूची तशी प्रतिमा होत नाही. भिंगाचं सूत्र आरशाला लागलंय हे तिथेच कळतं. तुम्ही जुन्या पद्धतीचं v = -३० घेऊन तिच्या भाषेत 'आरशासमोर, वास्तव' असं वाचलं असतं तर हीच तपासणी तुम्हाला अडवते, कारण m = +३ सुलटी म्हणतंय.

आता एक चूक अशी सांगतो जी हुशार मुलं करतात. गणित: तोच अंतर्गोल आरसा, f चा आकडा १५, वस्तू २० सेमीवर. मुलीला माहीत आहे की वस्तू नाभीच्या बाहेर आहे, प्रतिमा आरशासमोर पडणार, म्हणजे v ऋण. म्हणून ती समीकरणातच -v लिहिते:

```
१/(-v) + १/(-२०) = १/(-१५)
१/v = १/१५ - १/२० = १/६०
v = ६०
```

इथवर गणित बरोबर आहे, फक्त आता v म्हणजे नुसता आकडा, त्याचं चिन्ह तिनं आधीच बाहेर काढून ठेवलंय. पुढच्या ओळीला ती हे विसरते, v = +६० म्हणजे आरशाच्या मागे असं लिहिते आणि m = -६०/(-२०) = +३ काढते. आता पाहा, पहिली तपासणी: लहान आकडा १५, ६० त्याहून मोठा, पास. तिसरी: आरसा, v धन, m धन, पास. पकडते ती फक्त दुसरी, कारण २० हा १५ च्या बाहेर आहे, प्रतिमा वास्तव आणि उलटीच हवी. बरोबर उत्तर v = -६०, m = -३. ज्ञात राशींना चिन्ह द्यायचं, अज्ञात राशीला कधीही नाही. ते चिन्ह गणितानं स्वतःहून द्यायचं असतं. मी वहीत ही चूक दिसली की पेन्सिलनं त्या -v भोवती गोल करतो, उत्तराला हात लावत नाही.

या चुकीवर आणखी एक इलाज आहे: आलेला v चिन्हासकट मूळ सूत्रात परत टाकायचा. +६० टाकलं तर १/६० - १/२० = -१/३०, म्हणजे आरशाचं नाभीय अंतर ३० निघतं, १५ नाही. चूक उघड. पण परत टाकणं हा रामबाण उपाय समजू नका. भाचीच्या भिंगाच्या गणितात v = ६ आणि u = +१० परत टाकून बघा: १/६ - १/१० = १/१५. अगदी बरोबर जुळतं! कारण चूक सोडवण्यात नव्हती, u टाकण्यात होती, आणि तोच चुकीचा u तुम्ही पुन्हा टाकलात. बारावीची मुलं m = f/(f + u) हे भिंगाचं दुसरं सूत्र वापरून ताळा करतात, त्याचंही हेच. चुकीच्या u नं १५/२५ = ०.६ येतं आणि मूल खूश होतं की दोन वाटांनी एकच उत्तर आलं. दोन्ही वाटा एकाच चुकीच्या दारातून निघाल्या होत्या. सूत्रानं सूत्र तपासलं की आकडेमोडीची चूक सापडते, चिन्ह टाकण्याची सापडत नाही. त्यासाठी 'गोळा की पसर' आणि 'आत की बाहेर' हे सूत्राबाहेरचे प्रश्नच लागतात.

कधी कधी गणितात विशालन दिलेलं असतं आणि अंतर विचारलेलं असतं: 'प्रतिमा तिप्पट मोठी आहे.' यात चिन्ह सांगितलेलंच नाही. १५ सेमीच्या अंतर्गोल आरशाला तिप्पट प्रतिमा दोन जागी मिळते, वस्तू १० वर असताना सुलटी आणि २० वर असताना उलटी, वर दोन्ही येऊन गेल्या. गणितात 'पडद्यावर' किंवा 'वास्तव' असा शब्द असेल तर m = -३ घ्यायचं, 'आभासी' किंवा 'सुलटी' असेल तर +३. काहीच नसेल तर दोन्ही उत्तरं लिहायची. प्रतिमेची उंची ऋण आली, म्हणजे समजा -६ सेमी, तर मुलं घाबरून ते वजा खोडतात. खोडू देऊ नका, ते उलटेपण आहे.

हे सगळं कुठवर चालतं तेही सांगायला हवं, कारण भाची अकरावी-बारावीत गेली की एका जागी या तपासण्या तिला फसवतील. दोन भिंगं एकामागे एक असली की पहिल्याची प्रतिमा ही दुसऱ्याची वस्तू होते. पहिलं बहिर्गोल भिंग f = १०, वस्तू १५ सेमीवर; v = +३०, m = -२. आता पलीकडे २० सेमीवर अंतर्गोल भिंग ठेवलं, f = -१५. पहिली प्रतिमा या दुसऱ्या भिंगाच्या पलीकडे १० सेमीवर पडायच्या बेतात आहे. किरण अजून एकत्र आलेलेच नाहीत, वाटेतच भिंग लागलं. ही आभासी वस्तू, आणि तिच्यासाठी u = +१०, ऋण नाही. १/v = १/१० - १/१५ = १/३०, v = +३०, m = +३.

आपल्या नियमानं पसरवणाऱ्याला ६ यायला हवे होते, इथे ३० आले, आणि अंतर्गोल भिंगानं चक्क वास्तव प्रतिमा दिली. चूक नाही. आभासी वस्तू असली की पहिल्या तपासणीतले 'गोळा' आणि 'पसर' अदलाबदल होतात, आणि 'वास्तव म्हणजे उलटी' हेही उलटतं. दुसऱ्या भिंगाची प्रतिमा त्याच्या वस्तूच्या मानानं सुलटी आहे. एकूण विशालन -२ गुणिले ३, म्हणजे -६. मूळ वस्तूच्या मानानं सहापट आणि उलटी, पहिल्या भिंगापासून ५० सेमीवर, पडद्यावर घेता येईल अशी. इथे मुलं सवयीनं u = -१० टाकतात, -६ आणि ०.६ काढतात, आणि वरच्या तिन्ही तपासण्या त्या चुकीच्या उत्तराला पास करतात. म्हणून दोन भिंगांच्या गणितात आधी एक रेघ ओढून भिंगं आणि पहिली प्रतिमा मांडायची, आणि ती प्रतिमा दुसऱ्या भिंगाच्या अलीकडे पडते की पलीकडे हे बघूनच u चं चिन्ह लिहायचं.

दहावीपुरतं एवढं नको. भाचीला १० आणि १५ चीच चारही गणितं एका पानावर करायला लावा, प्रत्येकावर 'गोळा' किंवा 'पसर' लिहून. आरशांची उत्तरं +३० आणि +६ यायला हवीत, भिंगांची -३० आणि -६, आणि विशालन चारही ठिकाणी धन. एखादं जरी वेगळं आलं तर शेजारच्या तीन उत्तरांकडे बघून तिलाच सांगू द्या की तिचं उत्तर कोणाकडे गेलंय.